अकरा लाख कुठे गेले?

‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह पाहिजे. कॉमर्स पदवीधर. अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल आवश्यक.’ पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, जळगावातल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांतही ही जाहिरात वर्षभर निघत असते. एमआयएस म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, पण ऑफिसात त्याचा अर्थ एवढाच असतो की सकाळी साहेब खुर्चीत बसण्याआधी कालची विक्री, थकलेली वसुली आणि गोदामातला शिल्लक माल यांचे आकडे ज्याने मेलवर पाठवायचे, तो माणूस. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाच्या बायोडेटात ‘व्हीलुकअप, पिव्हट टेबल’ हे शब्द असतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असतात. म्हणून मुलाखतीच्या आधी तासाभराची परीक्षा होते. एक कॉम्प्युटर, एक फाइल, तीन प्रश्न. अशा परीक्षांचे पेपर काढणं आणि तपासणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यांतलाच एक पेपर इथे उलगडून दाखवतो. कंपनी काल्पनिक, आकडे पेपरासाठी रचलेले, पण त्यातला प्रत्येक खड्डा खऱ्या ऑफिसातला आहे.

कंपनी शेतीचे पंप आणि पीव्हीसी पाइप विकते. माल डीलरमार्फत जातो. फाइलमध्ये `Sales` नावाच्या शीटवर एप्रिल ते जून या तिमाहीच्या बिलांच्या 1,240 ओळी आहेत: बिल क्रमांक, तारीख, डीलर कोड, वस्तू, नग, रक्कम आणि खरेदीची किंमत. `Dealer` शीटवर कोड, डीलरचं नाव, जिल्हा. `Target` शीटवर प्रत्येक जिल्ह्याचं उद्दिष्ट. `Last Year` शीटवर गेल्या वर्षीच्या याच तिमाहीत कोणत्या डीलरने किती रुपयांचे पंप आणि किती रुपयांचे पाइप घेतले ते. आणि प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर एक वाक्य, जे निम्मे उमेदवार वाचतच नाहीत: ‘हिशेबखात्याच्या वहीप्रमाणे या तिमाहीची विक्री 1,20,00,000 रुपये आहे.’

पहिला प्रश्न सोपा दिसतो. प्रत्येक बिलापुढे त्या डीलरचा जिल्हा आणा. इथे व्हीलुकअप मारायचा. मतदार यादीत आपलं नाव शोधून त्याच ओळीतलं मतदान केंद्र वाचावं, तसं हे काम आहे. कोड शोधायचा, सापडला की त्याच ओळीतल्या तिसऱ्या रकान्यातला जिल्हा उचलायचा.

```
=VLOOKUP(C2,Dealer!$A$2:$C$86,3,FALSE)
```

फॉर्म्युला खालपर्यंत ओढला की 1,194 ओळींत जिल्हा येतो आणि 46 ओळींत `#N/A` उमटतं, म्हणजे ‘सापडलं नाही’. परीक्षा खरी इथून सुरू होते. पुष्कळ उमेदवारांना ही `#N/A` म्हणजे आपली चूक वाटते आणि ती झाकायची घाई होते. क्लासमध्ये शिकवलेलं `IFERROR` आठवतं, `=IFERROR(...,"")` केलं की सगळं स्वच्छ दिसतं. शीट देखणी होते आणि 46 बिलांना जिल्हाच उरत नाही.

त्याऐवजी जो ती 46 बिलं फिल्टर करून डोळ्यांसमोर आणतो, तो निम्मी लढाई जिंकतो. फिल्टर केल्यावर दिसतं की 31 ओळींत कोडच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण आहे आणि आकडा रकान्याच्या डावीकडे चिकटलेला आहे. एक्सेल स्वतःहून खरी संख्या उजवीकडे ठेवतं आणि मजकूर डावीकडे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून माल बाहेर काढताना हे कोड मजकूर म्हणून आले. माणसाला 4107 आणि 4107 सारखेच दिसतात. एक्सेलच्या लेखी एक संख्या आहे आणि दुसरा चार अक्षरांचा शब्द, त्यामुळे गाठ पडत नाही. आणखी 9 ओळींत कोड चार अंकी दिसतो, पण `=LEN(C2)` विचारलं तर उत्तर 5 येतं. पाचवं अक्षर अदृश्य आहे. वेब पोर्टलवरून कॉपी करताना एक वेगळ्या जातीची मोकळी जागा चिकटून येते, तिचा क्रमांक 160, आणि नेहमीचं `TRIM` तिला हात लावत नाही. तिला नाव घेऊन काढावं लागतं. एक मदतीचा रकाना घेऊन हे लिहिलं की दोन्ही दुखणी एकदम जातात:

```
=VALUE(SUBSTITUTE(C2,CHAR(160),""))
```

उरल्या 6 ओळी. त्या सगळ्या 4131 या कोडच्या आहेत आणि हा कोड `Dealer` शीटवर नाहीच. डीलर नवीन आहे, यादीत नाव चढवायचं राहिलं. हे `#N/A` खरं आहे. ते तसंच ठेवायचं, किंवा ‘यादीत नाही’ असं लिहायचं आणि उत्तराखाली एक टीप द्यायची. अंदाजाने त्याला एखादा जिल्हा चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी उद्दिष्टात फुकटची भर.

गंमत अशी की ही भर अंदाज न करताही पडते. फॉर्म्युल्याच्या शेवटचं `FALSE` लिहायचं राहिलं, तर एक्सेल ‘नेमकं सापडलं नाही तर जवळचं चालेल’ असं समजून चालतं. 4131 सापडत नाही, म्हणून त्याच्या खालचा 4130 धरतं आणि त्याचा जिल्हा, सातारा, उचलून देतं. `#N/A` नाही, लाल खूण नाही, काही नाही. सहा बिलं गुपचूप साताऱ्यात जमा. यादी कोडच्या क्रमाने लावलेली नसेल तर काय उचललं जाईल याचा भरवसाच नाही. विक्रीच्या स्लॅबप्रमाणे कमिशन काढायचं असेल तेव्हा हे ‘जवळचं चालेल’ उपयोगी पडतं; कोड जुळवताना नाही. दुसऱ्याने बनवलेली शीट हाती आली आणि शंका आली, तर जिल्ह्याऐवजी पहिला रकाना, म्हणजे कोडच परत मागवायचा आणि मूळ कोडशी ताडून बघायचा. जिथे जुळत नाही, तिथे ‘जवळचं’ उचललं गेलंय.

डॉलरच्या खुणा विसरल्या तर रोग वेगळा दिसतो. वरच्या ओळींत सगळं ठीक आणि जसजसं खाली जावं तसतशी `#N/A` ची गर्दी. फॉर्म्युला ओढताना यादीची चौकटही खाली सरकत गेली, आणि नव्वदाव्या ओळीपर्यंत ती यादीच्या बाहेर पडली. विखुरलेली `#N/A` असतील तर माल खराब, खाली वाढत जाणारी असतील तर फॉर्म्युला खराब. तपासनीस म्हणून मी शीट उघडल्यावर आधी हेच बघतो.

कुणी म्हणेल, आता `XLOOKUP` आलंय, त्यात नेमकं शोधणं हीच मूळ सवय आहे आणि रकाने मोजावे लागत नाहीत. बरोबर आहे. पण ते एक्सेल 2021 आणि मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आहे. परीक्षेच्या कॉम्प्युटरवर 2016 असेल तर `#NAME?` दिसेल. दोन्ही येत असावीत. नाहीतर `INDEX` आणि `MATCH` ची जोडी, जी कुठल्याही आवृत्तीत चालते.

या प्रश्नात आणखी एक कळ आहे, ती फारच थोड्यांना सापडते, कारण ती कुठेच चूक म्हणून दिसत नाही. `Dealer` शीटवर 85 ओळी आहेत, पण डीलर 84. 4122 हा कोड दोनदा आलाय, एकदा साताऱ्यापुढे आणि एकदा कोल्हापूरपुढे. व्हीलुकअप वरून खाली वाचतो आणि पहिलं सापडलेलं घेऊन परत येतो. दुसरं आहे हे त्याला कळतही नाही. यादीशेजारी `=COUNTIF($A$2:$A$86,A2)` लावलं की जिथे 2 येतो तिथे बोट ठेवता येतं. यातलं खरं कोणतं, हे एक्सेल सांगू शकत नाही. विक्रीखात्याला विचारावं लागतं. परीक्षेत ‘4122 दोन जिल्ह्यांत आहे, सातारा धरलं आहे, खात्री करावी’ एवढी एक ओळ लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देतो.

दुसरा प्रश्न पिव्हटचा. जिल्हावार विक्री काढा आणि उद्दिष्टाच्या किती टक्के झालं ते दाखवा. पिव्हट टेबल म्हणजे 1,240 ओळींचा सारांश: जिल्हा डाव्या बाजूला, रक्कम मधोमध, आणि एक्सेल एका झटक्यात गटवार बेरजा करून देतं. फॉर्म्युला एकही लागत नाही. त्यामुळे उमेदवार इथे खुशीत येतात. रक्कम ओढून टाकल्यावर मात्र `Sum of Amount` ऐवजी `Count of Amount` येतं, म्हणजे बेरजेऐवजी मोजणी. हेही बहुतेकांना ठाऊक असतं. उजवं बटण, `Summarize Values By`, `Sum`. झालं काम.

काम झालेलं नसतं. एक्सेलने बेरजेऐवजी मोजणी का निवडली, हा प्रश्न विचारायला हवा. रकान्यात कुठेतरी संख्या नसलेलं काहीतरी आहे, म्हणून. `=COUNT(F2:F1241)` फक्त संख्या मोजतं आणि 1,238 सांगतं. `COUNTA` भरलेले सगळे कप्पे मोजतं आणि 1,240 सांगतं. दोन कप्प्यांचा फरक. शोधल्यावर सापडतं: एका ठिकाणी कुणीतरी चेकवर लिहितात तसं `18,500/-` लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी 21,300 च्या मागे ती 160 वाली मोकळी जागा चिकटलीय. मोजणीची बेरीज केल्यावर पिव्हट हे दोन्ही शून्य धरतं.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. चांगल्या उमेदवाराला शिकवलेलं असतं की पिव्हटची एकूण बेरीज मूळ रकान्याच्या बेरजेशी ताडून बघावी. तो बघतो. पिव्हट सांगतं 1,19,60,200. शीटवर `SUM` लावलं तर तेही 1,19,60,200. ताळा जुळला! पण जुळला तो अशासाठी, की `SUM` सुद्धा मजकूर वगळूनच बेरीज करतं. दोघांनी मिळून तीच दोन बिलं गाळली. हे कळण्याचा मार्ग फाइलच्या आत नाहीच, तो प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर छापलेला आहे: वहीप्रमाणे 1,20,00,000. फरक 39,800, म्हणजे 18,500 अधिक 21,300. ऑफिसातही असंच असतं. अहवालाची बेरीज अहवालाशीच ताडून काही कळत नाही. ती हिशेबखात्याच्या आकड्याशी, जीएसटी विवरणपत्राशी, अशा बाहेरच्या कशाशी तरी ताडावी लागते.

उद्दिष्टाच्या टक्क्यांत याहून मोठा घोटाळा होतो. उमेदवार नुकताच लुकअप मारून आलेला असतो, हात गरम असतो. तो जिल्हा आणला तसं उद्दिष्टही प्रत्येक बिलापुढे आणतो आणि मग पिव्हटमध्ये दोन्हींच्या बेरजा मागतो. सांगलीचं उद्दिष्ट 24 लाख. सांगलीची बिलं 160. प्रत्येक बिलापुढे 24 लाख आले, पिव्हटने ते 160 वेळा मिळवले, आणि सांगलीचं उद्दिष्ट झालं 38 कोटी 40 लाख! विक्री साडेबावीस लाख. पूर्तता 0.6 टक्के. खरं उत्तर 93.75 टक्के आहे. सव्वा कोटीच्या आतबाहेर विक्री करणाऱ्या कंपनीत एका जिल्ह्याला 38 कोटींचं उद्दिष्ट कसं असेल, हा विचार न करता 0.6 टक्के लिहून, वर हिरव्या रंगाची पट्टी देऊन पेपर सबमिट करणारे पुष्कळ भेटतात.

काही हुशार मुलांना आकडा विचित्र वाटतो, मग ते बेरजेऐवजी `Max` निवडतात. सांगलीपुढे 24 लाख दिसायला लागतात. पण सगळ्यांत खालच्या `Grand Total` मध्ये सगळ्या जिल्ह्यांचं मिळून उद्दिष्ट यायला हवं, तिथे सर्वांत मोठ्या एकाच जिल्ह्याचं येतं. ठिगळ लावलं, पण फाटकं दिसतंच. उपाय अगदी साधा आहे. जी गोष्ट जिल्ह्याला एकदाच लागू आहे, ती बिलाबिलापुढे न्यायची नाही. आधी पिव्हटने जिल्हावार विक्री काढायची, मग त्या छोट्या तक्त्याशेजारी `Target` मधून उद्दिष्ट आणायचं.

नफ्याच्या टक्क्यांचं दुखणं याचंच भावंडं आहे. प्रत्येक बिलाचा नफा टक्क्यांत काढून पिव्हटमध्ये त्यांची सरासरी मागितली, तर हजार रुपयांचं बिल आणि लाखाचं बिल यांना सारखंच वजन मिळतं. हजारावर 30 टक्के आणि लाखावर 10 टक्के नफा असेल तर सरासरी 20 दिसेल. प्रत्यक्षात 1,01,000 रुपयांवर 10,300 रुपये मिळाले, म्हणजे जेमतेम 10.2 टक्के. पिव्हटमध्ये `Calculated Field` घेऊन `=(Amount-Cost)/Amount` लिहिलं, की एक्सेल आधी बेरजा करतं आणि मग भागाकार. हवं असतं ते हेच.

तिसरा प्रश्न एक्सेलचा वाटतच नाही. ‘गेल्या वर्षी याच तिमाहीत विक्री 1 कोटी आणि नफा 16 टक्के होता. यंदा विक्री वाढली तरी नफ्याचा टक्का घसरला. का, ते विक्रीप्रमुखांना पाच ओळींत सांगा.’ पेपरात यालाच सर्वांत जास्त गुण ठेवतो, आणि बहुतेकांकडे यासाठी दहा मिनिटंही उरलेली नसतात.

आकडे समोर मांडून बघू. गेल्या वर्षी पंप विकले 60 लाखांचे, त्यावर 20 टक्के नफा, म्हणजे 12 लाख. पाइप 40 लाखांचे, 10 टक्के, म्हणजे 4 लाख. मिळून 16 लाख, 1 कोटीवर 16 टक्के. यंदा पंप 40 लाखांचे, 21 टक्के, 8 लाख 40 हजार. पाइप 80 लाखांचे, 11 टक्के, 8 लाख 80 हजार. मिळून 17 लाख 20 हजार, 1 कोटी 20 लाखांवर 14.3 टक्के.

पंपांवरचा टक्का वाढला. पाइपांवरचाही वाढला. तरी दोन्ही मिळून टक्का घसरला. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला फॉर्म्युला चुकला असंच वाटतं, आणि काहीजण खरोखर शेवटची वीस मिनिटं न झालेली चूक शोधण्यात घालवतात. चूक कुठेच नाही. जास्त नफ्याच्या पंपांचा वाटा निम्म्याहून जास्त होता, तो एक-तृतीयांशावर आला. कमी नफ्याच्या पाइपांनी ती जागा घेतली. हे मोजताही येतं. समजा यंदाही पंप आणि पाइप गेल्या वर्षीच्याच 60 आणि 40 या प्रमाणात विकले गेले असते, तर यंदाच्या दरांनी नफा 17 टक्के झाला असता. म्हणजे दरांमुळे टक्का 1 अंकाने वर गेला आणि विक्रीतल्या बदललेल्या वाट्यांमुळे 2.7 अंकांनी खाली आला. दोन्ही मिळून घसरण 1.7 अंकांची. अंक म्हणतो ते मुद्दाम. ‘नफा 1.7 टक्क्यांनी कमी झाला’ असं लिहिलं तर वाचणारा रुपयांतला नफा समजेल, आणि रुपयांतला नफा तर 16 लाखांवरून 17 लाख 20 हजारांवर गेलाय.

पुढचा प्रश्न ओघानेच येतो: पंपांची विक्री 20 लाखांनी का घटली? इथे उमेदवारांची कल्पनाशक्ती धावू लागते. एकीने लिहिलं होतं, पाऊस लवकर आल्यामुळे. दुसऱ्याने लिहिलं, ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेमुळे शेतकरी विजेचे पंप घेत नाहीत. ही योजना महाराष्ट्रात आहे आणि तर्क वेडगळ नाही. पण फाइलमध्ये ना पाऊस आहे ना योजना. शंका म्हणून लिहायला हरकत नाही, कारण म्हणून नाही.

फाइलमध्ये जे आहे ते डीलरवार बघता येतं. यंदाच्या विक्रीचं डीलर कोडप्रमाणे पिव्हट काढायचं आणि शेजारी गेल्या वर्षीचे पंप आणायचे:

```
=IFERROR(VLOOKUP(A5,'Last Year'!$A$2:$C$81,2,FALSE),0)
```

मघाशी ज्या `IFERROR` ला नावं ठेवली, ते इथे रास्त आहे. जो डीलर गेल्या वर्षी नव्हता त्याची गेल्या वर्षीची खरेदी खरोखरच शून्य. रकाना भरला, यंदा आणि गेल्या वर्षीतला फरक काढला, तर घट दिसते 9 लाखांची, तीही बऱ्याच डीलरांत थोडी थोडी विखुरलेली. उमेदवार लिहितो, ‘पंपांची विक्री सर्वत्र थोडी थोडी कमी झाली आहे.’ वाक्य गुळगुळीत आहे आणि चुकीचं आहे.

ज्याला ताळा घ्यायची सवय आहे तो आणलेल्या रकान्याची बेरीज करतो. 49 लाख. गेल्या वर्षी पंप तर 60 लाखांचे होते. 11 लाख कुठे गेले?

एकही `#N/A` नाही, एकही लाल खूण नाही, फॉर्म्युला निर्दोष. गोची अशी की आपण यंदाच्या यादीला प्रश्न विचारला: ‘तुमच्यातल्या प्रत्येकाने गेल्या वर्षी किती घेतलं?’ जे यंदा आलेच नाहीत ते यादीतच नाहीत, तर त्यांना विचारणार कोण? पिव्हट फक्त हजर असलेल्यांची हजेरी लावतं. `Last Year` शीटवरून उलटा लुकअप मारला, म्हणजे गेल्या वर्षीचा प्रत्येक कोड यंदाच्या पिव्हटमध्ये शोधला, की दोन `#N/A` उगवतात. दोघेही सोलापूर जिल्ह्यातले डीलर. दोघांनी मिळून गेल्या वर्षी 11 लाखांचे पंप उचलले होते. यंदा एकही बिल नाही, पंपांचं नाही आणि पाइपांचंही नाही.

म्हणजे 20 लाखांच्या घटीतले 11 लाख फक्त दोन दुकानांमुळे. खरं तर अशा तुलनेसाठी दोन्ही वर्षांचे कोड एकाखाली एक ठेवून, `Remove Duplicates` करून, त्या एकत्रित यादीपुढेच दोन्ही वर्षं आणावीत. मग आलेलेही दिसतात आणि गेलेलेही.

आता पाच ओळी लिहिता येतात. मला चालेल असं उत्तर साधारण असं असतं:

‘विक्री 1 कोटीवरून 1 कोटी 20 लाखांवर आणि नफा 16 लाखांवरून 17 लाख 20 हजारांवर गेला आहे. नफ्याचा टक्का 16 वरून 14.3 वर आला. दोन्ही मालांवरचा टक्का वाढला असून, घसरण पंपांचा वाटा कमी झाल्यामुळे आहे. पंपांची विक्री 20 लाखांनी घटली, त्यांपैकी 11 लाख सोलापूरच्या दोन डीलरांचे आहेत. त्यांनी या तिमाहीत काहीच खरेदी केलेली नाही. त्यांनी खरेदी का थांबवली, हे या फाइलवरून सांगता येत नाही. विक्री प्रतिनिधींकडून कळू शकेल. खरेदी किमतीत वाहतूक धरलेली नाही, त्यामुळे पाइपांवरचा खरा नफा याहून कमी असू शकतो.’

शेवटचं वाक्य लिहिणारा विरळा. प्रश्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘किंमत गोदामापर्यंतची, पुढचं भाडं वेगळं’ असं दिलेलं असतं. पाइप जागा फार खातात, ट्रक लवकर भरतो आणि भाडं चढतं. पाइपांची विक्री दुप्पट झालीय हे लक्षात घेतलं, तर वाढलेल्या 1 लाख 20 हजारांतले हाती किती राहिले, हा प्रश्न विक्रीप्रमुख विचारणारच.

पेपर तपासून झाल्यावर मुलाखतीत तीच फाइल पुन्हा उघडली जाते. विक्रीप्रमुख मॅडम 11 लाखांच्या आकड्यावर बोट ठेवून विचारतात, “हे कुठून आलं हो?”

“मॅडम, `Last Year` मधून. हे दोन कोड यंदाच्या बिलांत नाहीत.”

“नाहीत, की कोड बदललाय त्यांचा? तुम्ही तो 4131 नवीन म्हणालात ना?”

उमेदवार क्षणभर गप्प. मग तो पिव्हटमधल्या 4131 च्या रकमेवर डबल क्लिक करतो. नवीन शीट उघडते आणि त्या रकमेमागची सहाही बिलं पसरतात. सगळी पाइपांची, पंपाचं एकही नाही.

“मॅडम, याने पंप घेतलेलेच नाहीत. त्या दोघांपैकी एकाचा कोड बदलून 4131 झाला असेल, तरी पंपांच्या 11 लाखांत फरक पडत नाही. पण मग त्याने खरेदी बंद केली असं म्हणता येणार नाही, ते वाक्य मला बदलावं लागेल. नावावरून आणि जीएसटी क्रमांकावरून नक्की कळेल, पण ते या फाइलमध्ये नाहीत.”

मॅडम बाजूच्या माणसाला जीएसटी क्रमांकांची यादी काढायला सांगतात आणि उमेदवाराला विचारतात, रुजू कधी होऊ शकाल.